रविवारी पहाटे मी चालतही होते आणि झोपलेही होते

आमच्या घरात संशय हा स्वयंपाकातल्या मिठासारखा. थोडा तरी लागतोच. आई बालीगंजच्या बाजारातून मासे नव्हे, साधी वांगी आणली तरी घरी येऊन प्रत्येक वांगं उलटंसुलटं करून बघते, कारण "वरचं चांगलं आणि खालचं किडकं, हे काय मला नवीन आहे?" साठ वर्षं ती कोलकात्यात राहतेय आणि भाजीवाला तिला मावशी म्हणतो, तरीही. मी तिची मुलगी. त्यामुळे माझ्यावर कोणी संशय घेतला तर मला वाईट वाटायला नको होतं. पण वाटलं बाई. फार वाटलं.

मी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये, जिथे शहरातल्या सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत तिथे, एका कंपनीत टेस्टर आहे. मनगटावर बांधायचा बँड असतो ना, पावलं मोजणारा आणि झोप मोजणारा, त्याचं मोबाइलमधलं अ‍ॅप आम्ही बनवतो. बनवतात ते पोरंसोरं. मी ते मोडून बघते. "हे चुकलंय" असं दिवसभर लोकांना सांगण्याचा पगार घेते, आणि आई म्हणते की ही नोकरी माझ्यासाठीच जन्माला आली होती.

आता प्रवासाची टेस्ट आम्ही कशी करायचो ते सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. माणूस एका देशातून दुसऱ्या देशात गेला की घड्याळ बदलतं. मग त्याची पावलं कुठल्या तारखेला लिहायची, झोप कुठल्या तारखेला? हे तपासायला कोण विमानात बसवणार आम्हाला? आम्ही खुर्चीत बसूनच जग फिरायचो. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जायचं, कोलकाता काढायचं, टोकियो टाकायचं. झाला टोकियो. चहा घ्यायचा, मग लंडन. झोपेसाठी तर आमच्याकडे तयार झोप असते. कोणीतरी कधीतरी खरी काढलेली झोप बँडमधून उतरवून ठेवलेली आहे, तीच पुन्हा पुन्हा अ‍ॅपला चारायची. अशा परीक्षेत आमचं अ‍ॅप वर्षानुवर्षं पहिल्या नंबरानं पास होत होतं.

आणि मग मला खरोखरच पाठवलं. ज्यांचा बँड, त्या मंडळींचं ऑफिस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. दोन आठवडे तिथे बसून काम करायचं होतं. आमचे साहेब म्हणाले, "जाताना येताना नवा बँड हातात राहू द्या. खरा प्रवास पण तपासून होईल." मी तो बँड आंघोळीलासुद्धा काढला नाही. साबण आत जाऊन मनगटाला पुरळ आलं, तरी नाही.

परत आले, जेट लॅगनं भरदुपारी पेंगत होते, तेव्हा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आत आमची झोपवालीही बसली होती. झोपवाली म्हणजे अ‍ॅपमधला झोपेचा सगळा भाग जिनं लिहिला ती मुलगी. मुलगी म्हणजे पस्तिशीची, जन्माची कोलकातेकर बंगाली, चष्मा, आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव की समोरच्यानं काहीतरी लपवलेलंच आहे. तिचं नि माझं फारसं जमत नव्हतं. तिच्या कामातल्या चुका काढायचं काम माझं, म्हणजे कसं जमणार?

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हा तुमचा जातानाचा रविवार."

मी बघितलं. पहाटे दोन ते चार, निळा पट्टा. गाढ झोप. आणि त्याच पहाटे दोन ते चार, हिरव्या काठ्या. चालणं. चांगलं भरपूर चालणं.

"एक माणूस एकाच वेळी झोपतो आणि चालतो?" साहेब म्हणाले. "आणि हा येतानाचा शनिवार. पावलं थोडीशी आहेत, झोप अजिबात नाही. रात्रभर बँड काढून ठेवला होतात?"

"नव्हता काढला."

"तुमच्या खात्याला दोन बँड जोडलेत. नवा आणि जुना. जुना कुठे आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे यांचं म्हणणं असं, की एक बँड मी घालून झोपले आणि दुसरा कोणाच्या तरी हातात घालून त्याला चालवलं! ऑफिसांमधल्या पावलांच्या स्पर्धांमध्ये लोक हे करतात, मला ठाऊक आहे. एकानं तर कुत्र्याच्या गळ्यात बँड अडकवला होता. पण मी? मला पावलं वाढवून काय मिळणार होतं, ढाल?

"काम टाळलं असेल आणि आकडे भरले असतील," साहेब अगदी शांतपणे म्हणाले. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. "मला तिकडे सोमवारी उत्तर द्यायचंय. माझ्या मते टेस्टरनं दिलेली माहिती बनावट आहे, असंच लिहावं लागेल. मग तुम्हाला या कामावर ठेवणं कठीण आहे."

बनावट. म्हणजे खोटारडी. पन्नाशी उलटलेल्या बाईला सेक्टर फाइव्हमध्ये हा शिक्का घेऊन दुसरं दार कोण उघडणार? मी जागेवर आले आणि ड्रॉवर उघडला. जुना बँड तिथेच होता. मी सवयीनं बटण दाबलं आणि तो चालू झाला.

तीन आठवडे ड्रॉवरात पडलेला बँड मेलेला असायला हवा होता. याची बॅटरी आठवडाभरसुद्धा धड टिकत नाही. हा तर भरलेला होता. म्हणजे मी नसताना कोणीतरी हा ड्रॉवर उघडला, बँड काढला आणि चार्ज केला. आणि शेजारची खुर्ची कोणाची? झोपवालीची.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. "तीच गं ती," आई म्हणाली. "तुला पाण्यात पाहते ती. तूच नाही का म्हणालीस मागे?"

"म्हणाले होते."

"मग झालं तर. चोर सोडून संन्याशाला फाशी. पण एक सांग, तू खरंच चालत होतीस का त्या वेळी?"

बघा, आईलासुद्धा शंका! मला असा राग आला की निवडलेली भाजी मी परत देठांत मिसळून टाकली. पण रागारागात आठवू लागले. पहाटे दोन ते चार, रविवारी, मी कुठे होते? सिंगापूरच्या विमानतळावर. कोलकात्याहून निघून तिथे मध्यरात्र उलटल्यावर उतरले, पुढचं विमान सकाळी होतं. खुर्च्यांवर झोप येईना म्हणून गालिच्यावरून येरझारा घालत होते. मी चालत होते! मग झोपले कधी? विमानात. सकाळी बसले, जेवले, सिनेमा बघितला आणि सिंगापूरच्या हिशोबानं संध्याकाळ होता होता मला झोप लागली. ती झोप पहाटे दोन वाजता कशी जाऊन बसली?

दुसऱ्या दिवशी मी हे झोपवालीला तोंडावर सांगितलं. आधी बँडचं विचारावं असं ठरवलं होतं, पण तेवढं धैर्य झालं नाही. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"फोन कुठे होता?" तिनं विचारलं.

"कुठला फोन?"

"तुमचा, दीदी. विमानात. चालू होता?"

"बंद करून पर्समध्ये. का?"

तिनं ते वहीत टिपलं. मग म्हणाली, "रविवारी मी तुमच्या घरी येते. सगळं माझ्यासमोर करायचं. तुम्ही चालाल, मी बघेन. तुम्ही झोपाल, मी बघेन. तुमचा फोन माझ्या ताब्यात."

म्हणजे पहारा! माझ्याच घरी! नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या, पण सोमवार डोक्यावर होता. मी हो म्हटलं.

रविवारी उजाडायच्या आत ती दारात हजर. आईनं दार उघडून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, वांग्यासारखं. झोपवालीनं वाकून पाया पडून "मासीमा", म्हणजे मावशी, म्हटलं तरी आईचा चेहरा ढिम्म हलला नाही.

झोपवालीनं आधी बँडमधलं सगळं फोनमध्ये उतरवून घेतलं, म्हणजे पाटी कोरी. मग फोनचं ब्लूटूथ बंद केलं. बँड नि फोन यांचं बोलणं त्यावरच चालतं. ते बंद केलं की दोघं अबोला धरल्यासारखे, विमानात होतात तसे. फोन आईच्या कपाटात ठेवला आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली. आईच्या कपाटाची किल्ली! आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरात दरोडेखोरच आणलाय.

सहाच्या सुमाराला आम्ही दोघी लेकवर, म्हणजे घराजवळच्या तळ्यावर, जाऊन तासभर चाललो. ती माझ्या अर्धं पाऊल मागे, माझ्या मनगटाकडे बघत. हवा छान होती. लोक व्यायाम करत होते, हसण्याचा क्लब हसत होता. आम्ही दोघी नुसत्या पावलं मोजत होतो.

परत आल्यावर मात्र आईचा आतिथ्यधर्म जागा झाला. संशय वेगळा, पाहुणा वेगळा. साबुदाण्याची खिचडी झाली आणि दुपारी चक्क पुरणपोळी. "आमच्याकडे आलेला माणूस उपाशी जात नाही, मग तो कोणी का असेना," असं आई मला मराठीत म्हणाली आणि तिला बंगालीत, "खाओ मा, आरेकटा खाओ," म्हणजे आणखी एक खा. तिनं तीन खाल्ल्या, वर तूप.

जेवता जेवता मी एकदाचं विचारलं. "माझ्या ड्रॉवरातला बँड कोणी चार्ज केला?"

"मी," ती म्हणाली. पोळी मोडणंसुद्धा थांबलं नाही. "तुम्ही त्यात काही भरलंय का ते बघायला. रिकामा होता. एकही पाऊल नव्हतं."

"रिकामा होता? आणि हे साहेबांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. साहेब म्हणाले, मग पुसलं असेल."

मी कपाळाला हात लावला. असला तर गुन्हा, नसला तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा. आईला मी ते मराठीत सांगितलं. आईनं तिच्या पानात न विचारता चौथी पोळी वाढली.

दोन वाजता मी पलंगावर आडवी झाले. ती समोर वेताच्या खुर्चीत बसली, हात मांडीवर, डोळे माझ्यावर. आता असं कोणी बघत असताना झोप यावी कशी? आमचा बँड साधा, नाडीबिडी न मोजणारा. हात किती हलतो एवढ्यावरूनच झोप ठरते. निपचित पडून राहिले असते तरी झोपच लिहिली गेली असती. हे मला माहीत होतं, तिला तर माहीत होतंच, म्हणून तर ती खुर्ची. पण मला खोटं झोपायचं नव्हतं. एवढं सगळं खरेपणासाठी करायचं आणि शेवटी झोप खोटी? मी भिंतीकडे तोंड केलं, जेट लॅग अंगात होताच, आणि केव्हातरी खरोखरच लागली.

चारला उठले. ती खुर्चीत तशीच ताठ बसलेली होती. पाचनंतर कपाट उघडलं. तिनं फोनमध्ये कोलकाता काढून ब्राझील टाकलं, म्हणजे घड्याळ साडेआठ तास मागे. मग ब्लूटूथ चालू केलं. बँड नि फोनचा अबोला मिटला. आम्ही दोघी स्क्रीनवर वाकलो, आईही चष्मा पुसत आमच्या मागे.

पहाटे साडेपाच ते साडेसात, निळा पट्टा. झोप. आणि सहा ते सात, हिरव्या काठ्या. चालणं.

"अगोबाई," आई म्हणाली, "हिला तर लेकवर झोपलेली दाखवतोय!"

झोपवालीनं फोन स्वतःकडे ओढला. मग तिनं स्वतःशीच बोलल्यासारखं सांगायला सुरुवात केली. बँडला आकाशातून देश दिसत नाहीत. फोन जे वाजले म्हणेल ते त्याच्यासाठी वाजलेले. पावलांचं काम ज्यानं केलं, तो कधीच नोकरी सोडून गेला. त्यानं पावलं बँडच्याच घड्याळानं, चालता चालता लिहून टाकली. सिंगापूरला दोन वाजता चाललात, तर दोन. ते नंतर बदलत नाही. झोप मात्र बँड ओळखू शकत नाही, तेवढा जीवच नाही त्याचा. तो नुसती हालचाल साठवतो आणि भेट झाली की फोनकडे देतो. झोप फोन काढतो, आणि ती वेळ लिहिताना फोन त्या क्षणी जिथे असेल तिथलं घड्याळ लावतो. हे तिनं लिहिलं होतं. सिंगापूरच्या संध्याकाळची झोप अमेरिकेत उतरल्यावर वाचली, तर अमेरिकेतली पहाट झाली. एकाच रविवारच्या पानावर दोन देशांची घड्याळं.

"आणि शनिवार?" मी विचारलं.

"झोप ज्या तारखेला उठता त्या तारखेची असते. शुक्रवारी रात्री अमेरिकेतून निघालात, सिंगापूरला उतरलात तेव्हा तिथे रविवार उजाडला होता. बँड विमानात अमेरिकेच्याच शनिवारात होता, म्हणून तुम्ही मधल्या वाटेत चाललात ती थोडी पावलं शनिवारी पडली. झोप वाचली ती सिंगापूरच्या घड्याळानं. त्या घड्याळात तुम्ही उठलात तेव्हा रविवार लागला होता. म्हणून झोप रविवारी गेली आणि शनिवार जागाच राहिला."

"मग खुर्चीत बसून आपण हजार वेळा देश बदलले तेव्हा का नाही दिसलं?"

"कारण फोन शेजारी असायचा," ती म्हणाली. "देश बदलायच्या आधीच बँडनं सगळं देऊन टाकलेलं असायचं. न वाचलेलं काही शिल्लकच नसायचं. खरा प्रवास कोणी केलाच नव्हता, दीदी. तुम्ही पहिल्या."

म्हणजे मी खरा प्रवास केला म्हणून खोटी ठरले. न हलता जग फिरलेले सगळे खरे. मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही.

सोमवारी आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये. पत्र त्यांच्या स्क्रीनवर उघडंच होतं. त्यात माझं नाव होतं आणि त्यापुढे तो 'बनावट' शब्द, मला खुर्चीतून वाचता येत होता. झोपवालीनं सगळं समजावलं, लेकवरची झोप दाखवली. साहेब हुशार माणूस, लगेच समजले. मान डोलावली. आणि मग म्हणाले, "घड्याळाची चूक पटली. पण त्यांची माहिती खरी की बनवलेली, हे मला त्या दोन तासांवरूनच ठरवायचंय. नुसतं पडून राहूनही हा पट्टा येतो. तू समोर होतीस ना? त्या झोपल्या होत्या, हे तू पाहिलंस?"

हो म्हण, मी मनात म्हटलं. एवढंच तर म्हणायचंय.

"नाही, सर," झोपवाली म्हणाली.

मी तिच्याकडे वळून पाहिलं.

"मासीमांनी चार पोळ्या खायला घातल्या. दीदी कूस बदलेपर्यंत मी जागी होते, मग मलाच झोप लागली. चार वाजायच्या आधी जाग आली. मधलं मी काही पाहिलेलं नाही."

"मग तुझ्याकडे पुरावा काय?"

"काही नाही." तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. चष्म्याशिवाय ती फार लहान दिसत होती. "दीदी म्हणतात झोपले होते. म्हणजे झोपल्या होत्या. तुम्ही त्यांना विचारलंत का एकदा तरी?"

साहेब स्क्रीनकडे पाहत होते, तिच्याकडे पाहत होते. मग त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"झोपला होतात?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी कर्सर माझ्या नावापाशी नेला आणि ती ओळ पुसली.